तीन एकर, एक विहीर आणि भावाचं पत्र

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, ऐरोलीत राहतो, खासगी कंपनीत नोकरी करतो. मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. ती माझा चुलतभाऊ कसतो, त्याचं वय २६. भात काढलं की जमीन पावसाळ्यापर्यंत मोकळीच पडते. गेल्या आठवड्यात त्यानं चक्क कागदावर पत्र लिहिलं: “दादा, भातात काही उरत नाही. तू शहरात आहेस, तुला चार नव्या गोष्टी कळतात. आपल्या जमिनीत काय करता येईल ते सुचव. तू सांगशील ते मी करीन.” मी व्हिडिओ बघून ड्रॅगन फ्रूट, पॉलिहाउस आणि कृषी पर्यटन अशी यादी काढली आहे. तीन लाख रुपये घालायची तयारी आहे. यातलं त्याला काय सांगू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर:

तुमच्या भावाच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. “तू सांगशील ते मी करीन.” तो खरंच करील, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. फसलं तर तुमचे तीन लाख जातील, त्याची मात्र तिशीपर्यंतची वर्षं जातील. गावात “शहरातल्या भावाचं ऐकलं आणि बसला” हे ऐकावं लागेल ते वेगळंच. त्यामुळे उत्तर पाठवायची घाई करू नका.

तुम्ही दोघंही असं धरून चाललात की कमतरता कल्पनेची आहे. मला तसं वाटत नाही. तुमच्या पत्रात तीन गोष्टी नाहीत, आणि त्या कळल्याशिवाय कोणतीही कल्पना चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. तीन एकरांतलं भाताचं खाचर किती आणि उताराची वरकस जमीन किती? मे महिन्यात विहिरीला पाणी किती येतं? आणि सातबाऱ्यावर नावं कोणाकोणाची आहेत?

पहिल्या प्रश्नावरच तुमची यादी निम्मी गळते. भाताचं खाचर पाणी धरून ठेवण्यासाठीच बांधलेलं असतं. आपल्या पट्ट्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये खाचरात पाणी उभं असतं. ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या जातीचं झाड, त्याच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही. ते लावायचं तर उताराच्या वरकस जमिनीत, तेही खांब आणि गादीवाफे करून. व्हिडिओत दिसतात ते मळे बहुतेक कमी पावसाच्या भागातले. पॉलिहाउसचं दुखणं वेगळं आहे. चार महिने सततची दमट हवा आणि वारा, त्यामुळे आत बुरशी हटत नाही आणि बाहेर प्लास्टिकचा कागद टिकत नाही. शिवाय तीन लाखांत ते उभं राहत नाही, बाकीचं कर्ज त्याच्या नावावर येईल. कृषी पर्यटनाबद्दल एवढंच विचारतो: दर शनिवार-रविवारी वीस माणसांचा स्वयंपाक घरात कोण करणार? त्या बाईला विचारलंत का?

आता पाण्याकडे येतो, कारण सगळा निकाल तिथेच लागतो.

विहिरीतलं पाणी दोन प्रकारचं असतं. एक साठा आणि एक आवक. नोव्हेंबरमध्ये विहीर काठोकाठ दिसते तो साठा. त्याच्या भरवशावर बरेच जण भाजी लावतात. खरी ऐपत मात्र एप्रिल-मेमध्ये रात्रभरात झऱ्यातून जेवढं नवीन पाणी येतं तेवढीच. माझ्या स्वतःच्या शेतात, शहापूरकडे, मी एका वर्षी तीस गुंठे भाजी लावली होती. विहीर डिसेंबरात भरलेली बघून लावली. एप्रिलच्या मध्याला पंप वीस मिनिटांत हवा ओढायला लागला. झाडं फुलांवर होती आणि मी आळीपाळीनं कोणत्या ओळी मरू द्यायच्या ते ठरवत होतो. लावायच्या आधी एक दोरी विहिरीत सोडली असती तर ते टळलं असतं.

ती दोरी अशी. नायलॉनची दोरी घ्या, टोकाला दगड बांधा आणि दर फुटावर गाठ मारा. संध्याकाळी सहा वाजता पंप चालवून पाणी खाली घ्या, पंप बंद करा आणि काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी जातात ते मोजा. रात्रभर पंप लावायचा नाही. सकाळी सहाला पुन्हा मोजा. जो फरक येईल ती बारा तासांची आवक. हे आत्ता एप्रिलच्या शेवटी एकदा आणि मेच्या मध्याला एकदा, प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस लागोपाठ करायचं. शेजारच्या विहिरीवर त्या रात्री पंप चालू होता का तेही वहीत लिहायचं, कारण झरे बऱ्याचदा एकच असतात.

तुमची विहीर पंधरा फूट व्यासाची आहे असं धरू. अशा गोल विहिरीत एक फूट उंचीचं पाणी म्हणजे जवळपास ५,००० लिटर. समजा बारा तासांत पाणी एक फूट चढलं. म्हणजे रात्रीचे ५,००० आणि दिवसाचे साधारण तेवढेच, असे दहा हजार लिटर. पाणी वर चढत जातं तशी आवक मंदावते, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन वेळा थोडं थोडं उपसलं तर एकदम उपसण्यापेक्षा जास्त मिळतं. घर आणि गुरं यांचं वजा करा, मेमध्ये आवक आणखी घटेल ते वजा करा. भरवशाचे ५,००० लिटर राहतात.

आता पिकाची गरज बघू. उन्हाळ्यात आपल्याकडे भाजीच्या पिकाला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. त्यावर पाच मिलिमीटर म्हणजे बरोबर ५,००० लिटर. म्हणजे तुमच्या तीन एकरांपैकी उन्हाळ्यात भिजू शकतील ते दहा गुंठे, तेही ठिबक असेल तर. पाटानं दिलं तर अर्धं पाणी वाटेतच मुरेल. तुमच्या विहिरीचा आकडा वेगळा निघेल. दुप्पट निघाला तर वीस गुंठे करा. पण विचार आता तीन एकरांचा राहिला नाही, विहिरीजवळच्या एका तुकड्याचा झाला. भावाला पहिलं पत्र लिहाल त्यात हेच लिहा, आणि आकडा त्याच्याकडूनच मागवा.

तुकडा लहान ठेवण्याचं दुसरं कारण शहरात बसून दिसत नाही. भातकापणी झाली की गावात गुरं मोकळी सोडतात. ही जुनी रीत आहे, त्यात कोणाची दुष्टाई नाही, पण ज्यानं एकट्यानं हिरवं पीक उभं केलं त्याच्याकडे सगळ्या गावाची उनाड गुरं येतात. त्यात रात्री रानडुकरं. तीन एकरांना चारही बाजूंनी वई घालायची तर साडेचारशे मीटरच्या आसपास कुंपण लागेल. दहा गुंठ्यांना सव्वाशे-दीडशे मीटर पुरतं. ते काट्याकुट्यांचं घालून वर जाळी लावता येते, आणि तुकडा घराच्या किंवा विहिरीच्या नजरेत असला तर राखणही होते. मुरबाड-शहापूरकडे उन्हाळी पिकं सोडून दिलेल्या तरुणांना कारण विचारा, पाण्याच्या आधी गुरांचं नाव घेतील.

या दहा गुंठ्यांत पहिल्या वर्षी काय घ्यावं? माझं मत भेंडी. ती नवीन नाही हे मला माहीत आहे. या पट्ट्यातली भेंडी निर्यातदारसुद्धा उचलतात. पण ती तीन-साडेतीन महिन्यांत संपते, त्यामुळे चूक झाली तर एका हंगामाची होते. आणि ठिबक, कुंपण, तोडणी, विक्री हे सगळं तुमच्या भावाला एकदा पूर्ण फिरवून मिळतं.

लागवड जानेवारीच्या मध्याला, थंडी ओसरू लागली की. त्याआधी टाकलेलं बी थंड रात्रींत उगवायला रेंगाळतं. दीड फुटावर ओळी, ओळीत वीतभर अंतर. दहा गुंठ्यांना सव्वा किलोच्या आसपास बी पुरतं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला पहिला तोडा. त्यानंतर एक दिवसाआड तोडावीच लागते, लग्न असो की जत्रा. एक दिवस चुकला की शेंग निबर होते आणि झाडही पुढची फुलं कमी धरतं. कोवळी आहे का ते बघायला शेंडा मोडून पाहायचा: कट्कन मोडला तर ठीक, वाकला तर ती पाटीबाहेर. तोडणी भल्या पहाटे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून, नाहीतर लवेची खाज दिवसभर जात नाही. आणि ताजी दिसावी म्हणून पाणी मारायचं नाही. ओली भेंडी क्रेटमध्ये काळी पडते.

सगळ्यात मोठा शत्रू हळद्या. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान आणि शेंगाही. तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते, आणि लागलेल्या झाडाला औषध नाही. पहिलं पिवळं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून पुरायचं. प्रतिकारक जातीचं बी, पिवळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क यांवर भर ठेवायचा. इथे एक गोष्ट तुमच्या भावाला नीट समजावा. कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये ते लिहिलेलं असतं. भेंडी दर दोन दिवसांनी तोडतात, म्हणजे पाच-सात दिवस थांबा सांगणारं औषध तोडा सुरू झाल्यावर वापरताच येत नाही. अनेक जण वापरतात. ती भेंडी तुमच्याच सोसायटीत येणार आहे.

उत्पन्नाचा हिशेब कमीच धरा. नवख्याला दहा गुंठ्यांत साधारण एक टन निघाली तरी बरं म्हणायचं. पंचवीस तोडे झाले तर एका तोड्याला चाळीस किलो, म्हणजे वीस-वीस किलोचे दोन क्रेट. आता हे दोन क्रेट कुठे जाणार? वाशीच्या बाजारापर्यंत दोन क्रेटसाठी टेम्पो करणं परवडत नाही. कल्याणची बाजार समिती जवळ आहे, गावातून जाणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या गाडीत टाकता येतील. तिथे किलोला २५ रुपये मिळाले असं धरलं तर सगळ्या हंगामाचे पंचवीस हजार. बी, खत, मजुरी, वीज जाऊन हाती थोडं राहील. हेच तुमच्या सोसायटीत ५० रुपयांनी गेलं तर पन्नास हजार. फरक शेतातल्या कल्पनेनं पडत नाही, तो ऐरोलीतल्या तुमच्या दोन तासांनी पडतो.

म्हणून मला वाटतं, भावाला तुमच्याकडून कल्पनेपेक्षा गिऱ्हाईक हवं आहे. चाळीस किलो भेंडी म्हणजे अर्धा किलो घेणारी ऐंशी घरं. तुमच्या दोन-तीन इमारतींत ती सापडतील. आठवड्यात तीन-चार तोडे होतात. त्यातला शनिवारचा आणि बुधवारचा तोडा तुम्ही घ्या, बाकीचे कल्याणला जाऊ देत. मागणी आधी नोंदवून घ्यायची, भाव हंगामभर एकच ठेवायचा, आणि पैसे त्याच संध्याकाळी भावाच्या खात्यावर. उरलेली भेंडी तुमच्या फ्रिजमध्ये जाईल, तिचेही पैसे द्यायचे. लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात, कारण रोज भेंडी कोण खाणार? तेव्हा कडेच्या दोन ओळींत गवार आणि काकडी असली की पाटी हलते.

खाचराचं काय, हा प्रश्न राहतो. तिथे भात राहू द्या. फक्त त्यातल्या एखाद्या एकरात गरव्या भाताऐवजी कर्जत-३ सारखी हळवी जात लावली तर कापणी लवकर होते आणि जमिनीत ओल असतानाच कडवे वाल पेरता येतात. वालाला बहुधा पाणी द्यावंच लागत नाही, ओलीवर आणि दवावर येतो. जानेवारीत हिरव्या शेंगा पोपटीला, त्यानंतर सुके दाणे. बिरड्यासाठी गावठी कडवे वाल शोधणारी माणसं ठाण्यात आणि नवी मुंबईत भरपूर आहेत, आणि हा माल दोन दिवसांत नासत नाही, कडक वाळवून राख लावून ठेवला तर भुंग्यापासून टिकतो. अडचण पुन्हा गुरांचीच. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून सलग वाल पेरला तर राखण वाटली जाते. एकट्यानं पेरू नये.

तुम्हाला काही टिकाऊ हवं असेल, तर वरकस जमिनीसाठी मोगरा मला योग्य वाटतो. जव्हार-विक्रमगडकडच्या शेतकऱ्यांनी तो करून दाखवला आहे, कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. जून-जुलैत लागवड, सव्वा मीटर अंतरानं दहा गुंठ्यांत सहाशे-साडेसहाशे झाडं. हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी, आणि मग उन्हाळ्यात बहर. पण कळी उमलायच्या आत, पहाटे, हातानं एकेक खुडावी लागते. एका किलोत हजारो कळ्या बसतात. घरात खुडणारे हात किती आहेत त्यावर झाडांची संख्या ठरते. शंभर झाडांनी सुरुवात करावी, तीही भेंडीचा एक हंगाम पार पडल्यावर, आणि विहिरीचा आकडा दोन्ही पिकांना पुरत असेल तरच.

मोगरा एकदा लावला की दहा-बारा वर्षं उभा राहतो, आणि इथे तिसरा प्रश्न येतो. तुम्ही लिहिता “आमची” जमीन, भाऊ लिहितो “आपली” जमीन. म्हणजे सातबाऱ्यावर बहुतेक तुमच्या वडिलांचं नाव आहे, काकांचं आहे, कदाचित आत्यांचंही आहे. आज तो कसतो म्हणून कोणी बोलत नाही. ज्या दिवशी मोगऱ्याचे पैसे दिसतील किंवा कोणी दलाल फार्महाउससाठी भाव घेऊन येईल, त्या दिवशी सगळे बोलतील. तेव्हा झाडं त्यानं लावली होती याला काही अर्थ उरत नाही. तुम्ही मोठे आहात आणि हिस्सेदारही, म्हणून हा विषय त्यानं काढण्यापेक्षा तुम्ही काढलेला बरा. महाभूलेखवर सातबारा काढा, सगळ्या सहधारकांना एकदा बसवा, आणि ठरावीक तुकडा ठरावीक वर्षं तोच कसेल, त्यातलं उत्पन्न त्याचं, असं लेखी घ्या. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्जही करता येतो. ठिबकच्या अनुदानालाही सामाईक सातबाऱ्यावर इतरांची संमती लागते, तेव्हा हे काम कधीतरी करायचंच आहे.

आणि तुमचे तीन लाख. ते सगळे यंदा घालू नका. ठिबक आणि कुंपण एवढाच यंदाचा खर्च. अल्पभूधारकाला ठिबकच्या मंजूर खर्चावर ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. अर्ज महाडीबीटीवर, त्याच्या फार्मर आयडीनं. पूर्वसंमती येण्याआधी दुकानातून संच उचलू नका, नाहीतर अनुदान हुकतं. पैसे आधी भरावे लागतात आणि नंतर खात्यात येतात, तेवढा मधला भार तुम्ही सोसा. भावाला हे पैसे कर्ज म्हणून देताय, भागीदारी म्हणून की हिश्श्यापोटी, हे देण्याआधी स्पष्ट बोला. त्याच्या आईसमोर बोला.

पत्राचं उत्तर तुम्हीही कागदावरच लिहा, पण ते पोस्टात टाकू नका. येत्या शनिवारी स्वतः घेऊन जा. सोबत चाळीस फूट नायलॉनची दोरी न्या आणि गाठी शुक्रवारी रात्री घरीच मारून ठेवा. संध्याकाळी सहाच्या आत विहिरीवर पोचायचं आहे, आणि सकाळचं मोजमाप त्याला करू द्या.